सायकलने ऑफिसला जाणाऱ्यांच्या क्लबचं नाव ठेवताना: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही चोवीस जण रोज सायकलने कामावर जातो आणि रविवारी एकत्र फिरायला निघतो. आमच्या मंडळींचं नाव आता 'सावकाश' आहे. ते ठरायला आम्हाला जवळपास दोन महिने लागले. सातपूर, अंबड, देवळाली कॅम्प, नाशिक रोड अशा ठिकाणी आपापला गट बांधणारे लोक अजूनही आमच्याकडे नावाबद्दल विचारायला येतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

नावासाठी दोन महिने? नाव काहीही ठेवा, सायकल चालवली म्हणजे झालं, नाही का?

आम्हीही आधी असंच म्हणत होतो. पहिल्या वर्षी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला आणि त्याला 'रेसर्स' शब्द असलेलं नाव दिलं. त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही, कारण नाव ही बिनमहत्त्वाची गोष्ट वाटत होती.

मग एका रविवारी सकाळी सहाला आम्ही गोल्फ क्लब मैदानाच्या बाहेर जमलो होतो. पलीकडे झाडाखाली एक बाई पुढे टोपली असलेली साधी सायकल धरून उभ्या होत्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, टोपलीत पाण्याची बाटली. दहा मिनिटं त्या आमच्याकडे बघत होत्या, पण जवळ आल्या नाहीत. शेवटी आमच्यातले एक काका विचारायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला फक्त ऑफिसला सायकलने जायचं आहे हो. तुमचं नाव वाचलं आणि वाटलं, हे आपल्यासाठी नाही." त्या रोज इंदिरानगरहून त्र्यंबक रोडवरच्या कार्यालयात जातात. ज्यांच्यासाठी हा गट काढला होता, नेमक्या त्याच व्यक्तीला आमच्या नावाने दहा पावलं दूर उभं केलं होतं.

त्या ताई आता आमच्या रविवारच्या फेरीत सगळ्यांच्या शेवटी राहून मागे पडणाऱ्यांना सांभाळतात. पण काका गेले नसते तर त्या तशाच परत गेल्या असत्या. तशा किती जणी आणि किती जण आधीच परत गेले असतील, याचा हिशोब आमच्याकडे नाही. नाव बदलायचं हे त्याच दिवशी ठरलं.

ऑफिसला जाणाऱ्यांच्या क्लबचं नाव आणि बाकी सायकल क्लबचं नाव, यात फरक काय?

नाव कुठे कुठे वापरलं जाणार, त्यात फरक आहे. लांब पल्ल्याच्या किंवा शर्यतीच्या गटाचं नाव मुख्यतः जर्सीवर, पदकावर आणि निकालाच्या यादीत दिसतं. ते वाचणारे सगळे सायकलवालेच असतात, त्यामुळे वेग, जिद्द, डोंगर, वादळ असे शब्द तिथे शोभतात. नाशिकला त्या सायकलिंगचीही मोठी परंपरा आहे. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हा शहरात कितीतरी जणांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या.

आमचं नाव मात्र सायकल न चालवणारे लोकच जास्त वाचतात. सकाळी पावणेनऊला मागून येणारा रिक्षावाला वाचतो. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन वाचतो, आणि सायकल कुठे लावू द्यायची हे तोच ठरवतो. ज्याच्याकडे सायकल स्टँड मागायचा आहे तो एचआरचा माणूस वाचतो. घरी सासूबाई वाचतात. म्हणून आमच्यासाठी पहिली कसोटी ही, की सायकलशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाला नाव ऐकल्यावर काय वाटतं?

'क्लब' हा शब्द नावात ठेवावा का?

आम्ही ठेवला नाही. आपल्याकडे 'क्लबला जातो' म्हटलं की बऱ्याच घरांत पत्त्यांचा डाव डोळ्यासमोर येतो. 'मंडळ' म्हटलं की गणपती आणि वर्गणी आठवते. 'फाउंडेशन' म्हटलं की देणगी मागायला आलेत असं वाटतं. 'मंडळी' हा शब्द मात्र सगळ्यांना बसला. 'काय मंडळी, निघायचं का?' असं आपण रोज म्हणतोच. त्यामुळे पूर्ण नाव 'सावकाश सायकल मंडळी' झालं आणि बोलताना नुसतं 'सावकाश'.

त्यातला 'सायकल' हा शब्दही विचार करून घेतला, 'सायकलिंग' नाही. 'सायकलिंग' म्हटलं की हेल्मेट, गिअर आणि घट्ट कपडे आठवतात. 'सायकल' मात्र ज्याच्या त्याच्या घरी असते.

तुमच्याकडे कोणती नावं आली होती? ती का गळाली?

कागदावर एकूण ४१ नावं जमली. त्यातली पुष्कळशी गळण्याची कारणं तीन-चारच होती, आणि ती तुमच्याकडेही येतील म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात मोठा गठ्ठा 'नाशिक' अधिक एखादा इंग्रजी शब्द, असा होता. त्यात अडचण ही, की 'नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशन' ही संस्था शहरात आधीपासून आहे आणि लोक तिला ओळखतात. तिच्या जवळपास जाणारं कुठलंही नाव घेतलं असतं तर आमचे फोन त्यांना गेले असते आणि त्यांचे आम्हाला आले असते. शिवाय गावातल्या गावात नावात 'नाशिक' असून ओळख काय पटणार? गावाचं नाव पुढे स्वल्पविराम देऊन लिहिता येतं.

दुसरा गठ्ठा गोदावरीचा, पंचवटीचा आणि वारीचा. माझं स्वतःचं मन 'गोदा'वर होतं, आणि ते नाव शेवटच्या तिघांत पोचलंही. 'वारी'चा मात्र गोंधळ उडाला असता. नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते. त्यामुळे नावात 'वारी' असली की पहिला प्रश्न 'पंढरपूरला कधी निघणार?' हाच येणार, आणि आमची सगळ्यात लांबची फेरी अंजनेरीपर्यंतची, म्हणजे एका बाजूने वीस-बावीस किलोमीटरची. 'कुंभ' घालून केलेलीही दोन नावं होती. सिंहस्थ २०२७ चा आहे, मग पुढचा बारा वर्षांनी. मधल्या काळात ते नाव जुन्या स्वागत कमानीसारखं वाटलं असतं.

तिसऱ्या गठ्ठ्यातलं एक नाव सगळ्यांना इतकं आवडलं होतं की ते सोडताना वाईट वाटलं. ते होतं 'डबलसीट'. ऐकलं की प्रत्येकाला आपलं लहानपण आठवलं. नळीवर बसलेली धाकटी बहीण, मागे कॅरिअरवर मित्र. पण आपण रस्ता सुरक्षेची गोष्ट करणार आणि नावातच तोल जाणारी, ब्रेक न लागणारी स्वारी मिरवणार, हे पटेना. शाळेत बोलायला गेलो तर पहिलाच मुलगा विचारेल, "काका, मग डबलसीट चालतं ना?" त्याला काय उत्तर देणार?

आणखी एक धोका कमी लोकांच्या लक्षात येतो. एका सभासदाने 'रोड सेफ्टी'ला 'स्क्वॉड' जोडून नाव सुचवलं होतं. त्याचा हेतू चांगला होता, पण पाठीवर असलं काही लिहून चौकात उभं राहिलं की लोकांना आपण पोलिसांचे किंवा महापालिकेचे वाटतो. मग कुणी दबून वागतं, कुणी हुज्जत घालतं. आणि नोंदणी करायची वेळ आली की सरकारी आश्रय सुचवणारं नाव अडतंच.

'सावकाश' हेच का? ऑफिसला उशीर होत असताना कोण सावकाश जातं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तरुण सभासदांनी तो पहिल्याच बैठकीत विचारला होता. त्यांना वाटत होतं की हे नाव आम्हाला मंद ठरवतं.

मला ते नाव पटलं ते एका साध्या कारणाने. आमची बाकीची सगळी नावं आमच्याबद्दल काहीतरी सांगत होती. पाठीवर लिहिल्यावर 'सावकाश' मात्र मागून येणाऱ्याशी बोलतं. 'वाहने सावकाश चालवा' ही पाटी आपण घाटात, शाळेजवळ, वळणावर लहानपणापासून वाचत आलो आहोत. ती कुणाला अपमानास्पद वाटत नाही आणि तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तोच शब्द पुढे चाललेल्या माणसाच्या पाठीवर दिसला की गाडीवाल्याला एक ओळखीची विनंती मिळते. त्याने ऐकलंच पाहिजे असं नाही, पण आम्ही सांगायचं ते सांगितलेलं असतं.

मग आमच्यातल्या मराठीच्या निवृत्त शिक्षिकेने शब्द फोडून दाखवला. स आणि अवकाश, म्हणजे अवकाशासहित, मोकळ्या जागेसहित, सवडीने. त्या म्हणाल्या, "तुम्ही रस्त्यावर मागता काय? बाजूने जाताना एक-दीड मीटर जागाच ना? ती तर या शब्दातच आहे." त्यानंतर तरुण मंडळींचा विरोध बराच मावळला. त्र्यंबक रोडवर बस अंगाला घासून गेल्याचा अनुभव प्रत्येकाने घेतला होता. वेग किती हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात येत नाही, मधली जागा किती हाच येतो.

नाव कागदावर चांगलं वाटतं, पण रस्त्यावर चालेल का, हे कसं तपासायचं?

आम्ही तीन चाचण्या केल्या. खर्च नगण्य होता आणि तिन्हींनी आमची मतं बदलली. म्हणून ही पायरी चुकवू नका.

पहिली चाचणी संध्याकाळच्या वाचनाची. शेवटी तीन नावं उरली होती: 'गोदा पायडल', 'सुखरूप' आणि 'सावकाश'. तिन्ही नावं परावर्तक पट्टीच्या कागदातून कापून काळ्या कापडावर चिकटवली. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी सातला सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जण पाठमोरा उभा राहिला आणि तीस पावलांवरून स्कूटरचा खालचा दिवा त्याच्यावर टाकला. वाचायला घरातलीच माणसं बोलावली, पण ज्यांना नावं माहीत नव्हती अशी.

दिवसा सुंदर दिसणारं अक्षर दिव्याच्या झोतात वेगळंच दिसतं. परावर्तक पट्टी इतकी चमकते की अक्षराच्या कडा फुगतात आणि आतली पोकळी बुजते. जोडाक्षरांचं तर पार पीठ होतं. आधी बाद झालेलं एक नाव आम्ही मुद्दाम तुलनेसाठी ठेवलं होतं, त्यात 'सुरक्षित' शब्द होता. त्यातला 'क्षि' कुणालाही वाचता आला नाही, नुसता चमकता ठिपका दिसला. 'सुखरूप' वाचता आलं, पण 'रू' ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नव्हतं. रंगवणाऱ्याकडूनही नेमकी तीच चूक होणार हे उघड होतं. 'सावकाश'मध्ये एकही जोडाक्षर नाही, उकार नाही, वेलांटी नाही. सा, व, का, श. चार सुटी अक्षरं आणि दोन काने. पाचही जणांनी ते पहिल्या फटक्यात वाचलं.

दुसरी चाचणी सॅकवरच्या जागेची. ती गोष्ट त्याच पार्किंगमध्ये लक्षात आली, आणि ती आधी सुचली नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं. ऑफिसला जाणाऱ्याच्या पाठीवर सॅक असते! लॅपटॉप, डबा, बदलायचा शर्ट. टी-शर्टवर कितीही मोठं नाव लिहा, ते सॅकमागे झाकलं जाणार. म्हणजे नावाची खरी जागा टी-शर्ट नाहीच, सॅकचं पावसाळी कव्हर आहे. नाशिकच्या पावसात ते कव्हर तसंही चार महिने लागतं, आणि हिवाळ्यात सहाच्या आत अंधार पडायला लागतो तेव्हाही उपयोगी पडतं.

कव्हरवर वापरता येईल अशी सपाट रुंदी आम्ही मोजली, ती साधारण २८ सेंटिमीटर भरली. 'सावकाश'ची चार अक्षरं तिथे बसवली तर प्रत्येकाला सात सेंटिमीटर मिळतात. 'गोदा पायडल'ची सहा अक्षरं, शिवाय मधली मोकळी जागा, म्हणजे प्रत्येकी चार-साडेचार सेंटिमीटरच. दोन ओळींत लिहावं तर सॅकच्या उतारामुळे खालची ओळ जमिनीकडे वळते आणि दिव्याचा झोत परत मागे जात नाही. माझं आवडतं नाव इथेच मागे पडलं.

कव्हर छापणाऱ्या कारागिराने आणखी एक सांगितलं. उष्णतेने चिकटवलेल्या पट्टीतल्या बारीक रेघा धुण्यात आधी उचलल्या जातात. म्हणून शिरोरेघ आणि काने जाड ठेवले, आणि अक्षरांच्या मध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त जागा सोडली.

तिसरी चाचणी फोनची. ओळखीच्या दहा जणांना फोन करून नाव नुसतं तोंडी सांगितलं आणि रोमन अक्षरांत टाइप करून पाठवायला सांगितलं. सहा जणांनी `savkash` लिहिलं, तिघांनी `sawkash` आणि एकाने `saavkash`. इन्स्टाग्रामच्या खात्याचं नाव देवनागरीत ठेवता येत नाही. त्यामुळे लोक आपल्याला कोणत्या स्पेलिंगने शोधतील हे आधी कळलेलं बरं. बहुतेकांनी लिहिलं तेच आम्ही घेतलं. तुमच्या नावाची दहा जणांत सहा वेगवेगळी स्पेलिंगं आली, तर त्या नावाचा पुन्हा विचार करा.

हिंदी बोलणाऱ्या सहकाऱ्यांना हे नाव कळतं का?

लगेच नाही कळलं. अंबडच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरने ते ऐकलं आणि विचारलं, "अवकाश? छुट्टी वाला ग्रुप है क्या?" हिंदीत अवकाश म्हणजे सुटी. रविवारच्या फेरीपुरतं ते खपून गेलं असतं, पण अंबड आणि सातपूरमध्ये शिफ्टला सायकलने येणाऱ्यांत बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगार पुष्कळ आहेत, आणि रस्त्यावर सगळ्यात जास्त धोका तेच पत्करतात. त्यांना नाव परकं वाटून चालणार नव्हतं. मग एकाने रस्त्यावरच्या पाटीचा फोटो दाखवला: 'वाहने सावकाश चालवा'. तो म्हणाला, "अच्छा, धीरे वाला!" पाटी सगळ्यांनी पाहिलेली असते, शब्द फक्त तिच्याशी जोडून द्यावा लागतो. आमच्या माहितीपत्रकावर आता नावाखाली हिंदीतही एक ओळ असते.

या नावाचा काही तोटा?

एक खरा तोटा आहे आणि तो आम्हाला पहिल्याच महिन्यात कळला. गटाने जाताना पुढचा माणूस मागच्यांना ओरडून सूचना देतो. खड्डा, गाडी, थांबतोय. त्यात 'सावकाश!' हीसुद्धा एक सूचना होती. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर सोमेश्वरच्या पुढे आमच्याच एका सभासदाने ओळखीचे लोक दिसले म्हणून उत्साहाने नावाचा पुकारा केला. मधल्या दोघांनी तो इशारा समजून एकदम ब्रेक दाबले. मागची ताई त्यांच्या चाकाला घासून रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरली. गुडघा खरचटण्यावर निभावलं.

तेव्हापासून दोन नियम आहेत. चालत्या सायकलवर मंडळींचं नाव पुकारायचं नाही. आणि वेग कमी करायचा असेल तेव्हा 'हळू' म्हणायचं, दुसरं काही नाही. तुम्ही कुठलंही नाव निवडा, ते तुमच्या रस्त्यावरच्या सूचनांपैकी एकाशी जुळत नाही ना, हे आधी पाहा. 'चला', 'थांबा', 'पुढे' असे शब्द असलेली नावं याच कारणाने टाळावीत. आम्ही ते नंतर शिकलो.

शेवटची निवड मतदानाने केली का?

हो, पण हात वर करून नाही. हात वर केले असते तर 'गोदा पायडल' जिंकलं असतं. पहिली पसंती म्हणून त्याला चोवीसपैकी ९ जणांची मतं होती, 'सावकाश'ला ८ आणि 'सुखरूप'ला ७. पण ९ जणांनी निवडलेलं नाव म्हणजे १५ जणांनी न निवडलेलं नाव, आणि ते नाव सगळ्यांनी पाठीवर घेऊन फिरायचं असतं.

म्हणून प्रत्येकाने तिन्ही नावांना क्रम दिला. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. 'गोदा पायडल'ला फक्त दोघांनी दुसरं ठेवलं आणि तेरा जणांनी शेवटचं, त्याचे ४४ गुण झाले. 'सुखरूप'चे ४७ झाले. 'सावकाश'ला तेरा जणांनी दुसरं ठेवलं आणि फक्त तिघांनी शेवटचं, त्याचे ५३ झाले. नाव सगळ्यांचं लाडकं असण्यापेक्षा थोड्यांनाच नकोसं असणं जास्त उपयोगाचं असतं, हे त्या आकड्यांत दिसलं. मतदान मात्र चाचण्यांचे निकाल सगळ्यांसमोर मांडल्यावरच घ्या. आधी घेतलं तर लोक आपल्या पहिल्या मताला चिकटून बसतात.

नोंदणी करावी लागते का? नावावर कायद्याची काही बंधनं आहेत का?

नुसतं एकत्र सायकल चालवायला नोंदणी लागत नाही. बँकेत खातं हवं, कंपन्यांकडून मदत घ्यायची, महापालिकेला संस्था म्हणून निवेदन द्यायचं, असं ठरलं की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करता येते. त्यासाठी किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. आधी नोंदलेल्या संस्थेसारखंच नाव चालत नाही, म्हणून पहिल्यासोबत दुसरं नावही तयार ठेवा.

१९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराबद्दलचा एक केंद्रीय कायदा आहे. सरकारचा आश्रय किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेशी संबंध सुचवणारी नावं त्यात अडतात. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावंही त्याच्या यादीत आहेत. प्रेमाने कुणी ती सुचवतं, पण परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

टी-शर्ट किंवा कव्हरं विकणार असाल तर व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर नावाचा शोध घ्या, तो फुकट असतो. कपड्यांसाठी वर्ग २५ आणि क्रीडा उपक्रम व प्रशिक्षणासाठी वर्ग ४१ पाहा. स्पेलिंगने शोधून थांबू नका, उच्चाराने मिळतंजुळतं काही आहे का हेही तिथे पाहता येतं.

आमच्या भागात गट काढतोय. 'सावकाश' हेच नाव वापरलं तर चालेल?

आनंदाने वापरा, फक्त पुढे भागाचं नाव जोडा. 'सावकाश, देवळाली कॅम्प' किंवा 'सावकाश, म्हसरूळ' असं. एक विनंती आहे. पुढे 'एक्सप्रेस', 'प्रो', 'इलाइट' असं काही जोडू नका. त्याने टोपलीवाली सायकल घेऊन येणारा माणूस पुन्हा झाडाखाली उभा राहील. आणि कव्हरवर नावाशिवाय दुसरं काही छापू नका. मदत करणाऱ्या दुकानाचं चिन्ह, फोन नंबर, सुविचार, सगळं छापून द्यायला लोक तयार असतात. पण प्रत्येक जादा ओळीमागे अक्षरं लहान होतात आणि तीस पावलांवरचा माणूस वाचायचं सोडून देतो.

जुन्या नावाचे टी-शर्ट होते, त्यांचं काय केलं?

पाठीवरच्या 'रेसर्स'वर परावर्तक पट्टी आडवी चिकटवून घेतली. पावसात सायकलची साखळी पुसायला दोन फाटले, बाकीचे रविवारी अजून वापरात आहेत. नवीन येणाऱ्यांना मात्र टी-शर्ट देत नाही, सॅकचं कव्हर देतो.